रेंजच्या काड्या आणि बॅटरीचे टक्के

जबलपूरहून गोंदियाला जाणारी गाडी ग्वारीघाट मागे टाकून नर्मदा ओलांडते, आणि शहराच्या टॉवरांची दाटी हळूहळू विरळ होऊ लागते. बरगी, घंसौर, नैनपूर, लामटा, मग बालाघाट. पूर्वी याच रस्त्याने सातपुड्यातली नॅरोगेज चालायची. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि आता रुंद रूळ आहेत. जबलपुरातल्या मराठी घरांना हा मार्ग सवयीचा आहे, कारण कुणाचे माहेर गोंदियाला असते, तर कुणाचा काका बालाघाटला. आणि या प्रवासातली एक तक्रारही सवयीची झाली आहे: फोन पिशवीतच होता, ना गाणी ऐकली, ना व्हिडिओ पाहिला, तरी उतरेपर्यंत बॅटरी निम्म्यावर आली कशी?

उत्तर सगळ्यांना अर्धे ठाऊक असते: ‘मध्ये रेंज नव्हती ना!’ पण रेंज नसण्याने बॅटरी नेमकी कुठे जाते, हे कळल्याशिवाय कोणते सेटिंग बदलायचे ते ठरवता येत नाही. माणसे स्क्रीनचा उजेड कमी करतात, मागचे सगळे अ‍ॅप पुसून टाकतात, लोकेशन बंद करतात, आणि ज्या गोष्टीने खरोखर फरक पडला असता ती तशीच राहते.

सुरुवात काड्यांपासून करू. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या सांगतात त्या फक्त एका दिशेबद्दल: टॉवरचे बोलणे फोनला किती ऐकू येते आहे. फोनचे बोलणे टॉवरला किती ऐकू जाते, हे त्या सांगत नाहीत. या दोन दिशा सारख्या ताकदीच्या नसतात. टॉवरवरचे यंत्र दहा-वीस वॅटच्या घरात, कधी त्याहूनही जास्त ताकदीने बोलते, शिवाय त्याचा अँटेना उंचावर असतो. 4जी फोनला मात्र जास्तीत जास्त ०.२ वॅट, म्हणजे २०० मिलिवॅट एवढीच ताकद हवेत सोडण्याची मुभा असते. ही मर्यादा तंत्राच्या मानकातच लिहिलेली आहे. म्हणून दोन काड्या दिसत असतानाही ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ असे ओरडावे लागते. तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येत असतो, तुमचा आवाज मात्र पोचत नसतो. बॅटरी खर्च होते ती मुख्यतः या दुसऱ्या, कमकुवत दिशेने.

काड्या किती, याचा काही ठरीव नियमही नाही. एका कंपनीचा फोन जिथे तीन दाखवतो तिथे दुसऱ्याचा दोनच दाखवील. खरा आकडा बघायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये Settings, मग About phone, मग SIM status असे गेल्यावर Signal strength या ओळीत `-97 dBm` असे काहीतरी दिसते. काही फोनवर मधल्या पायरीला Status असे नाव असते. आयफोनवर `*3001#12345#*` हा क्रमांक डायल केला की तपासणीचा पडदा उघडतो आणि त्यात RSRP या नावाखाली हाच आकडा असतो. हा आकडा उणे असतो, म्हणून -१०५ हे -८५ पेक्षा कमी. 4जीसाठी ढोबळ हिशेब असा धरावा: -८५ किंवा त्याहून वर असेल तर उत्तम, -१०० पर्यंत ठीक, -११० च्या आसपास अशक्त आणि -११५ च्या खाली गेले की कडेलोट.

या मोजपट्टीची एकच खुबी लक्षात ठेवायला हवी. तीत दहाचा फरक म्हणजे दहापट. -८५ वरून -९५ वर आलो की फोनला दहापट क्षीण ऐकू येते, -१०५ वर शंभरपट. आणि वाटेत टॉवरचा आवाज जितका क्षीण होतो तितकाच फोनचाही होतो, म्हणून टॉवर फोनला सांगतो की तेवढ्या पटीने ताकद वाढव. ही सूचना बोलणे चालू असताना सतत येत असते. टॉवरजवळचा फोन मिलिवॅटच्या अंशावर काम भागवतो, दूरचा शे-दोनशे मिलिवॅट सोडतो. मोकळ्या रानात टॉवरपासूनचे अंतर दुप्पट झाले की साधारण दहाचा फरक पडतो. अंतर दुप्पट म्हणजे ताकद दहापट, एवढे धरून चालले तरी पुरे.

आता अंतराखेरीज आणखी काय आड येते ते पाहा. एसी डब्याला चारी बाजूंनी पत्रा असतो आणि खिडकीच्या काचेवर उन्हासाठी धातूचा पातळ थर असला तर तीही रेडिओलहरी अडवते. अशा डब्यात आकडा बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीसने खाली जाऊ शकतो. साध्या स्लीपरच्या उघड्या खिडकीशी बसलेल्या माणसाला जो टॉवर सहज मिळतो, तो एसीत मधल्या बर्थवर झोपलेल्याला मिळत नाही. फोन स्टीलच्या डब्यांशेजारी पिशवीत तळाशी असेल तर आणखी घट होते. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून होडी जाते तेव्हाही हेच घडते. वर पंचवटीच्या घाटावर ठीक असलेली रेंज, दोन्ही बाजूंना शंभर फुटांच्या आसपासचे दगड उभे राहिले की कोसळते. टॉवर तिथेच असतो, मध्ये डोंगर आलेला असतो.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते: रेंज कमी, ताकद जास्त, बॅटरी लवकर संपते. पण बारकाईने पाहिले तर गंमत वेगळीच आहे. समजा एका ठिकाणी -८५ असताना फोन २ मिलिवॅट सोडतो. -९५ ला तो २० सोडील, -१०५ ला २००. पहिल्या टप्प्यात दहापट वाढ झाली तरी बॅटरीला ती फारशी जाणवत नाही, कारण फोनमधले रेडिओचे बाकीचे भाग, म्हणजे मॉडेम आणि त्याच्या चिपा, संदेश पाठवताना एरवीही काही शे मिलिवॅट खातच असतात. त्यात अठरा मिलिवॅटची भर म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या टप्प्यात मात्र जाणवते. हवेत २०० मिलिवॅट सोडणारा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या तिप्पट तरी ओढतो, उरलेले उष्णता होऊन जाते. रेंज कमी असताना फोन पाठीमागून गरम लागतो तो यामुळेच.

आणि -११५ ला काय? हिशेबाने २००० मिलिवॅट लागतील. ते सोडायची परवानगीच नाही. २०० ला फोन थांबतो. मग काम होते कसे? वेळ वाढवून. टॉवर फोनला म्हणतो, हळू बोल, कमी शब्द बोल, पुन्हा पुन्हा बोल. तेवढाच मजकूर जास्त वेळ घेऊन, सोप्या आणि टिकाऊ पद्धतीने पाठवला जातो आणि मध्ये चुकलेले तुकडे परत पाठवावे लागतात. वॅट वाढायचे थांबले की सेकंद वाढू लागतात. बॅटरीचा खर्च म्हणजे वॅट गुणिले सेकंद. रेंजच्या कडेला बॅटरी खाणारा खरा आकडा हा दुसरा आहे, आणि सेटिंगने आपण ज्याला हात घालू शकतो तोही हाच.

एका फोटोचे गणित करून पाहू. धरा, फोटो ४ एमबीचा आहे, म्हणजे ३२ मेगाबिट. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये चांगल्या रेंजमध्ये पाठवताना सेकंदाला ८ मेगाबिटचा वेग मिळाला तर ४ सेकंदांत काम झाले. तेवढा वेळ रेडिओने ०.८ वॅट खाल्ले असे मानले तर सुमारे ३ ज्यूल गेले. तोच फोटो घंसौरच्या पुढे जंगलात पाठवताना वेग सेकंदाला ०.१ मेगाबिट इतकाच असेल तर लागतील ३२० सेकंद, आणि रेडिओ पूर्ण ताकदीवर असल्याने धरा १.५ वॅट. झाले ४८० ज्यूल. वॅट दुपटीलाही पोचले नाहीत, सेकंद मात्र ऐंशीपट झाले, आणि एकूण खर्च दीडशेपट. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण ६९ हजार ज्यूल असतात. चांगल्या रेंजमध्ये दहा फोटो पाठवले तर टक्क्याचा विसावा भागही जात नाही, जंगलात त्याच दहा फोटोंना सात टक्के लागतात. यातला वेग आणि वॅट मी सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या फोनवर ते थोडे इकडेतिकडे होतील. पण शेकडोपटीचा फरक येतो कुठून ते यावरून कळते.

‘मी तर फोटो पाठवलेच नाहीत,’ असे कोणी म्हणेल. तुम्ही नाही, फोनने पाठवले. नर्मदेच्या पुलावर काढलेले आठ-दहा फोटो गुगल फोटोज आपणहून वर चढवू पाहते. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या गटात सकाळचे सुप्रभात संदेश उतरत असतात, मेल तपासला जातो, प्ले स्टोअरला आत्ताच कुठल्यातरी अ‍ॅपचे अपडेट सुचते. शिवाय एखादा अगदी बारीक संदेश आला तरी त्यानंतर साधारण दहा सेकंद रेडिओ जागाच राहतो, आणखी काही येईल का या अपेक्षेने. किती वेळ जागे राहायचे ते टॉवर ठरवतो, आपण नाही.

पिशवीत नुसता पडलेला फोन मात्र, कुणी त्याला छेडले नाही तर, रेडिओवर बोलतच नाही. तो सेकंदा-सव्वासेकंदाला एकदा क्षणभर जागा होऊन ऐकतो, आपल्यासाठी कॉल आहे का, आणि पुन्हा झोपतो. चांगल्या रेंजमध्ये याचा खर्च नगण्य असतो. रेंज खाली गेली की त्याला एक नवे काम लागते, शेजारचा दुसरा कुठला टॉवर बरा आहे का ते मोजत राहण्याचे. गाडी धावत असेल तर मोजलेले लगेच शिळे होते. आणि रेंज पूर्ण गेली की शोध सुरू होतो. भारतात मोबाइल कंपन्या ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, ३३०० अशा कितीतरी मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांवर काम करतात. फोन एकेक पट्टा उघडून त्यावर कान देतो, तिथे 5जी आहे का, 4जी आहे का, जुने 2जी आहे का. ऐकण्याला बोलण्याइतकी बॅटरी लागत नाही, पण झोप मिळत नाही. बराच वेळ काही सापडले नाही तर चांगला मॉडेम शहाणपणाने दोन शोधांमधले अंतर वाढवत नेतो.

म्हणून माझे मत असे की रेंज मुळीच नसणे हा सर्वांत वाईट प्रकार नव्हे. सर्वांत वाईट ती येऊन-जाऊन असणारी रेंज, आणि हा लोहमार्ग तसलाच आहे. लामट्याच्या अलीकडे झाडीतून क्षणभर एक टॉवर दिसतो. फोन धावत त्याच्याकडे नाव नोंदवतो. नोंद होताच तुंबलेली सगळी अ‍ॅप एकदम उठतात: मेल, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, हवामान. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता पाठवायचे असते, आणि तेही -११६ वर, पूर्ण ताकदीने, कासवाच्या गतीने. फोटो साठ टक्के चढतो, गाडी वळण घेते, टॉवर डोंगराआड जातो. पुन्हा शोध. पुढच्या टॉवरवर काही अ‍ॅप राहिलेला भाग पाठवतात, काही पहिल्यापासून सुरू करतात. तासाभरात असे अनेकदा झाले की पंधरा-वीस टक्के जायला वेळ लागत नाही, आणि हाती लागते ते एक अर्धवट चढलेले छायाचित्र.

दोन सिम असतील तर हे सगळे दोनदा. घरात नेट एका कंपनीचे आणि बँकेशी जोडलेला जुना नंबर दुसऱ्या कंपनीचा, असे आपल्याकडे सर्रास असते. वाटेत एका कंपनीची रेंज बरी असते, दुसरीची नसते. आपण बऱ्या असलेल्या काड्यांकडे पाहून निश्चिंत असतो आणि फोन आत दुसऱ्या सिमसाठी पट्टे चाळत बसलेला असतो. प्रवासात सर्वांत कमी त्रासात सर्वांत जास्त फायदा देणारे सेटिंग कोणते विचाराल तर मी हेच सांगेन: ज्या सिमला रेंज नाही ते SIM मध्ये जाऊन तेवढ्या वेळापुरते बंद करा. सिम बाहेर काढायचे नाही, फक्त बटण सरकवायचे. त्या नंबरवर ओटीपी येणार असेल तेव्हा चालू करा.

त्यानंतर नंबर लागतो तो सेकंदांना कात्री लावणाऱ्या सेटिंगांचा. गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये मोबाइल डेटावर फोटो चढवण्याची परवानगी काढून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या Storage and data मध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करा, आणि चॅटचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. प्ले स्टोअरची अपडेटेही वायफायवरच. हे एकदा केले की कायमचे होते, दर प्रवासाला करावे लागत नाही. अँड्रॉइडमधला Data Saver चालू केला तर समोर उघडे नसलेल्या अ‍ॅपना मोबाइल डेटा मिळत नाही. आयफोनवर हेच काम Low Data Mode करतो. आणि कुणाच्या फोनची वाट पाहायची आहे पण इंटरनेट नको, असे असेल तर मोबाइल डेटाच बंद करा. बहुतेक फोनवर डेटा बंद असतानाही 4जीवरचे कॉल येतात-जातात, कारण आवाजाची वाट वेगळी असते. तुमच्या फोनवर तसे होते का, हे घरी एकदा बंद करून, शेजारच्या फोनवरून कॉल लावून पाहून घ्या.

5जीचे काय करायचे? 5जी मुळात बॅटरी खाते असे सरसकट म्हणणे चूक आहे. चांगल्या रेंजमध्ये ते काम लवकर उरकून झोपी जाते. अडचण कडेला आहे. 5जीचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, आणि एवढ्या उंच लहरी झाडी, भिंती, पत्रा यांत लवकर जिरतात. शिवाय या पट्ट्यात टॉवर आणि फोन आळीपाळीने बोलतात आणि फोनच्या वाट्याला साधारण पाव किंवा त्याहूनही कमी वेळ येतो. कमकुवत दिशेलाच वेळ कमी. त्यात काही कंपन्यांचे 5जी 4जीच्या आधाराने चालते, तेव्हा फोनला दोन्ही जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. शहराच्या वेशीवर, पनागरच्या किंवा बरगीच्या बाजूला, जिथे 5जीचे चिन्ह दर दोन मिनिटांनी येते आणि जाते, तिथे Preferred network type मध्ये जाऊन 5जी वगळणारा पर्याय निवडणे शहाणपणाचे. आयफोनवर Mobile Data Options मधल्या Voice & Data मध्ये LTE निवडायचे. तिथला 5G Auto हा पर्यायही बरा असतो, पण डळमळत्या रेंजमध्ये LTE जास्त स्थिर.

Preferred network type च्या यादीतून थेट 2जीवर उडी मारण्याचा सल्ला अजून फिरतो. तो जुन्या काळातला आहे आणि अर्धाच खरा. 2जी दूरवर पोचते आणि नुसत्या पडलेल्या फोनला स्वस्त पडते, हे खरे. पण तेच तंत्र ९०० मेगाहर्ट्‌झवर बोलताना थोडथोडक्या क्षणांसाठी २ वॅटपर्यंत ताकद सोडू देते, आणि त्यावर इंटरनेट चालवायचे म्हणजे मघाचे सेकंदांचे गणित आणखी बिघडवणे. जिओचे तर 2जी जाळेच नाही, ते सिम 2जीवर लावले की फोन मुका होतो. तसेच `*#*#4636#*#*` डायल करून फोन फक्त 4जीवर बांधून ठेवण्याची युक्तीही जपून वापरावी. ज्या सिमवर 4जीवरून कॉलची सोय चालू नाही, त्यावर मग कॉलच येत नाहीत, आणि ते आपल्याला कुणी भेटून विचारीपर्यंत कळत नाही.

घनदाट टापूत, जिथे अर्धा-पाऊण तास काही मिळणार नाही हे ठाऊक आहे, तिथे एअरप्लेन मोडला पर्याय नाही. शोध, नोंदणी, तुंबलेल्या संदेशांची झुंबड, सगळे एका फटक्यात थांबते. दर पाच मिनिटांनी चालू-बंद करून पाहणे मात्र निरर्थक, कारण प्रत्येक वेळी नव्याने शोध आणि नोंदणी होते. नैनपूरसारखे मोठे स्टेशन आले की चालू करा, निरोप घ्या-द्या, गाडी हलली की बंद करा. एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस चालू राहते, ते तर नुसते उपग्रहांचे ऐकते. म्हणून जबलपूरला वायफायवर असतानाच गुगल मॅप्समध्ये मंडला-बालाघाटचा नकाशा उतरवून ठेवला तर गाडी कुठे आली ते रेंजशिवाय दिसते. उतरवलेला नकाशा नसेल तर मॅप्स उघडे ठेवणे म्हणजे -११५ वर नकाशाचे तुकडे मागत राहणे, आणि ते फोटोइतकेच महाग. एक सावधगिरी हवी. अडीअडचणीत ११२ लावायचा तर आधी एअरप्लेन मोड काढायला हवा. पडद्यावर Emergency calls only असे दिसत असेल तर आपल्या कंपनीचा नाही पण दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर फोनला ऐकू येतो आहे, आणि ११२ त्यावरून लागू शकतो.

घरातल्या रेंजची गोष्ट याहून सोपी आहे. तळमजल्याची आतली खोली, वर दोन स्लॅब, खिडकीला लोखंडी जाळी, अशा ठिकाणी शहराच्या मध्यभागीही -११२ दिसू शकते. घरात वायफाय असेल तर Wi-Fi calling चालू करा. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मग कॉल राऊटरमार्गे जातो, दूरच्या टॉवरशी झटापट करावी लागत नाही. बहुतेक फोनवर एअरप्लेन मोड लावून वर वायफाय चालू केले तरी असे कॉल चालतात. आतल्या खोलीत काम करणाऱ्याला ही जोडी फार उपयोगी पडते. एसएमएसने येणारे ओटीपी या अवस्थेत मिळतात का, ते आधी तपासा, काही फोनवर मिळत नाहीत.

बाजारात फोनच्या पाठीला चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर मिळतात. त्यांनी काही होत नाही, उलट धातूचा पत्रा अँटेनावर आला तर रेंज घटते. छपरावर लावायचे रिपीटर मात्र खरोखर काम करतात, आणि तीच अडचण आहे. परवान्याशिवाय ते बसवणे आपल्या देशात बेकायदा आहे, कारण घरगुती रिपीटर टॉवरच्या कानाशी सतत गोंगाट करतो. टॉवरला मग आजूबाजूच्या सगळ्यांचे बोलणे ऐकायला जड जाते, आणि सगळ्यांच्या फोनना ताकद वाढवायची सूचना मिळते. एकाच्या घरात चार काड्या आल्या की मोहल्ल्याची बॅटरी उतरते. विशेष म्हणजे ज्या शहरात रिज रोडवर दूरसंचारातल्या लोकांना शिकवणारी संस्था १९४२ पासून आहे, तिथेही दुकानदार हे यंत्र ‘बिनधास्त लावा’ म्हणून विकू शकतो.

राहिला प्रश्न, बॅटरी खरोखर रेंजमुळेच जाते आहे की दुसऱ्या कशाने, हे ओळखायचे कसे. फोनच्या Battery usage मध्ये Mobile network किंवा त्यासारख्या नावाची ओळ असते. तिचा वाटा स्क्रीनच्या जवळपास आला असेल तर संशय पक्का समजा. याहून खात्रीची चाचणी रात्री करता येते. झोपताना टक्के लिहून ठेवा, फोन नेहमीच्या जागी नेहमीसारखा ठेवा, सकाळी पाहा. दुसऱ्या रात्री त्याच जागी, वायफाय आधीसारखे चालू किंवा बंद ठेवूनच, एअरप्लेन मोडवर ठेवा. पहिल्या रात्री बारा टक्के आणि दुसऱ्या रात्री तीन गेले तर दोषी रेंज. तिसऱ्या रात्री फक्त दुसरे सिम बंद करून पाहा, म्हणजे त्यातला किती भाग त्याचा ते कळेल. पहिल्या दोन्ही रात्री दहा-बारा टक्केच जात असतील तर रेंजला बोल लावू नका. एखादे अ‍ॅप फोनला झोपू देत नाही किंवा बॅटरी थकली आहे. जबलपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहून तापलेली बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत थकते, आणि तिच्यावर नेटवर्कच्या कुठल्याही सेटिंगचा इलाज चालत नाही.